एकशेवीस पानांचा अहवाल, चौदा स्लाइड

सप्टेंबर महिना आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या सभांचा. सहकार कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपले की सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. प्रवरानगरला १९५० मध्ये पहिले गाळप झाले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. तिथून कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे, अकोले असे कारखाने उभे राहत गेले. प्रत्येक कारखाना सभेआधी सभासदांना एक पुस्तक पाठवतो. शंभर-सव्वाशे पानांचे, गुळगुळीत मुखपृष्ठाचे. त्यातले आकडे सभासदाच्या उसाचे, त्याच्या बिलाचे आणि त्याच्या शेअरचे असतात, तरी बहुतेक घरांत ते पुस्तक फोटोंच्या पानांपलीकडे उघडले जात नाही.

आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या सभेसाठी काही वर्षे मी या पुस्तकावरून स्लाइडचा आराखडा करत आलो आहे. प्रत्येक स्लाइडला एक शीर्षक आणि खाली तीन मुद्दे, बस्स. मंडपात पडद्यावर तेवढेच दिसते आणि अध्यक्ष त्यावर बोलतात. ती कृती इथे लिहितो. उदाहरणातले गाळपाचे, उताऱ्याचे आणि उचलीचे आकडे मी सरावासाठी घेतले आहेत, ते कुठल्याही कारखान्याचे नाहीत. कायद्याचे आणि एफआरपीचे आकडे मात्र खरे आहेत.

आधी जवळ काय घ्यायचे

छापील पुस्तकाच्या दोन प्रती, एक खुणा करायला आणि एक कोरी. सभेची विषयपत्रिका. गेल्या वर्षीचे पुस्तक. लॅबकडून हंगामाचा अंतिम उत्पादन अहवाल, ज्याला कारखान्यात आरटी ८ सी म्हणतात. आणि दोन पूर्ण दिवस. सभेच्या आदल्या रात्री हे काम होत नाही, कारण निम्मा वेळ शेती खाते, लॅब आणि अकाउंट्स यांच्याकडे शंका विचारत फिरण्यात जातो, आणि त्या रात्री ती माणसे मंडपाच्या कामात असतात.

पहिली पायरी: पुस्तक क्रमाने वाचू नका

पुस्तकाचा क्रम ठरलेला असतो. नोटीस, विषयपत्रिका, अध्यक्षांचे मनोगत, संचालक मंडळाचा अहवाल, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, त्यांची परिशिष्टे, लेखापरीक्षकाचा अहवाल, दोषदुरुस्ती, अंदाजपत्रक आणि शेवटी गेल्या दहा वर्षांचा तक्ता. नवखा माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि मनोगतातच अडकतो, कारण तिथली वाक्ये तयार असतात आणि सरळ उचलता येतात. मग चौदापैकी सात स्लाइड मनोगताच्या होतात आणि ऊसदर शेवटी एका ओळीत उरकला जातो.

मी उलटा जातो. आधी दहा वर्षांचा तक्ता, मग लेखापरीक्षकाचा अहवाल, मग ताळेबंद आणि नफा-तोटा. मनोगत सर्वांत शेवटी. तक्त्यात कुठला आकडा यंदा सवयीबाहेर गेला ते पाच मिनिटांत दिसते. लेखापरीक्षक कशावर थांबला ते दुसऱ्या वाचनात कळते. या दोन्ही ठिकाणी सापडलेल्या गोष्टींबद्दल मनोगतात काय म्हटले आहे ते पाहायला मग सोपे जाते, आणि काही म्हटलेच नसेल तर तेही लक्षात येते.

या वाचनात पेन्सिलीने तीनच खुणा करायच्या. ज्याच्यावर सभा ठराव करणार त्यापुढे "ठ". ज्यावर सभासद हमखास विचारणार त्यापुढे "प्र". गेल्या वर्षीपेक्षा ठळक बदललेल्या आकड्यापुढे बाण, वर किंवा खाली. ज्या पानावर एकही खूण नाही ते पान स्लाइडमध्ये येणार नाही. एकशेवीसपैकी साधारण ऐंशी पाने अशी निघतात: मान्यवरांच्या भेटी, वृक्षारोपण, परिशिष्टांतले फुटकळ तपशील. ती पुस्तकात असणे योग्यच आहे, पडद्यावर त्यांचे काम नाही.

दुसरी पायरी: शीर्षकांची यादी, मुद्दे नंतर

विषयपत्रिका समोर ठेवून कोऱ्या कागदावर नुसते विषय लिहावेत. माझी यादी साधारण अशी होते: श्रद्धांजली, मागील सभेचे इतिवृत्त, गाळप, उतारा, ऊसदर, आसवनी आणि सहवीज, साखरविक्री व साठा, नफा-तोटा, कर्ज, लेखापरीक्षण, दोषदुरुस्ती, अंदाजपत्रक, लेखापरीक्षकाची नेमणूक, पुढच्या हंगामाची ऊसनोंद. हे चौदा झाले. अध्यक्ष पाऊण तास बोलणार असतील तर एका स्लाइडला तीन मिनिटे मिळतात. याहून जास्त स्लाइड केल्या तर शेवटच्या चार-पाच पळवल्या जातात, आणि शेवटी असते ते नेमके लेखापरीक्षण आणि अंदाजपत्रक.

श्रद्धांजलीच्या स्लाइडला मुद्दे द्यायचे नाहीत. वर्षभरात गेलेल्या सभासदांची, कामगारांची आठवण तिथे असते. तिचे तीन तुकडे करणे बरे दिसत नाही. एक ओळ पुरते, आणि सगळे उभे राहतात तेवढा वेळ ती पडद्यावर राहू द्यावी.

आता प्रत्येक विषयाचे शीर्षक वाक्यात लिहायचे. "गाळप" हा विषय झाला, शीर्षक नव्हे. शीर्षकाने गाळपाचे काय झाले ते सांगायला हवे. मागच्या रांगेतला माणूस मुद्दे वाचत नाही, शीर्षक वाचतो. तेवढेच वाचून तो घरी गेला तरी त्याला खरे कळले पाहिजे. शीर्षक बारा शब्दांपलीकडे गेले तर दोन ओळींत मावत नाही, तेव्हा तिथेच थांबावे.

तिसरी पायरी: तीन मुद्दे कशाचे

इथे मी बराच काळ चुकलो. तीन मुद्दे म्हणजे त्या विषयावरच्या कुठल्याही तीन गोष्टी असे धरून चालायचो. आता तिन्ही जागांना काम ठरवून दिले आहे. पहिला मुद्दा यंदाचा आकडा आणि त्याच्या शेजारी गेल्या वर्षीचा. दुसरा मुद्दा फरक कशाने पडला. तिसरा मुद्दा सभासदाच्या हाती त्यातून काय येते, किंवा दुसऱ्या मुद्द्यातले कारण खरे आहे हे दाखवणारा आकडा. प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी कंसात पुस्तकातले पान. पान लिहिता आले नाही तर तो मुद्दा आपल्या मनातला आहे, अहवालातला नाही.

गाळपाचे उदाहरण घेऊ. संचालक मंडळाच्या अहवालात दीड पानाचा मजकूर आहे: पाऊसमान, ऊसतोड टोळ्या, शेजारच्या कारखान्यांनी केलेली पळवापळवी, यंत्रसामग्रीची दुरुस्ती. त्यातून हे उरते:

ऊस कमी मिळाल्याने गाळप १ लाख ३० हजार टनांनी घटले
- यंदा ६ लाख २० हजार टन, गेल्या हंगामात ७ लाख ५० हजार टन (पा. १८)
- कारखाना १२४ दिवस चालला, गेल्या हंगामात १५० दिवस (पा. १८)
- रोजचे सरासरी गाळप दोन्ही हंगामांत ५ हजार टन (पा. १९)

तिसरा मुद्दा पाहा. कारखाना रोज तेवढाच चालला, म्हणजे गिरणीत खोट नव्हती. २६ दिवस कमी मिळाले, आणि २६ गुणिले ५ हजार बरोबर १ लाख ३० हजार. शीर्षकातले "ऊस कमी मिळाल्याने" हे कारण इथे आकड्याने सिद्ध होते. समजा रोजचे सरासरी गाळप ४ हजार ४०० वर आले असते, तर तेच शीर्षक खोटे ठरले असते. मग कारखाना बंद पडण्याचे तास, तोडणीचा खंड, केनयार्डात रिकामी गव्हाण, यांपैकी काय झाले ते शोधावे लागले असते. मुद्दे लिहिताना शीर्षक बदलावे लागले तर काम नीट चालले आहे असे समजावे.

चौथी पायरी: उताऱ्याची स्लाइड सावकाश करा

सगळ्या पुस्तकात सर्वांत जास्त चुकणारी जागा ही. एका वर्षी मी शीर्षक दिले होते, "साखर उतारा घटला". आकडा पुस्तकातलाच होता, तक्ता बरोबर होता. सभेत मागून एक वयस्कर सभासद उठले आणि म्हणाले, "दादा, उतारा घटला म्हणता, मग आमचा ऊस खराब होता का? आणि खराब होता तर आसवनीला एवढी मळी आली कुठून?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचे उत्तर माझ्या स्लाइडमध्ये नव्हते.

गोष्ट अशी. उसाच्या रसातून साखर काढताना पाक तीनदा शिजवतात आणि दर वेळी साखर वेगळी काढतात. इथेनॉलसाठी दुसऱ्या टप्प्यावरच थांबून मळी बाहेर काढली तर तिच्यात साखर जास्त राहते. हीच बी-हेवी मळी. ती साखर पोत्यात येत नाही, इथेनॉल होऊन टँकरने जाते. त्यामुळे पोत्यात आलेल्या साखरेवर काढलेला उतारा कमी दिसतो. ऊस चांगला असला तरी.

हा फरक २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन हंगामांची तुलना करताना तर हमखास फसवतो. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले आणि मग आठवडाभरात रस आणि बी-हेवी मिळून देशभरासाठी मर्यादा ठरवली. पुढच्या वर्षी ते बंधन उठले. म्हणजे एका हंगामात बरीच साखर पोत्यात गेली आणि दुसऱ्यात बरीच आसवनीत. असे दोन आकडे शेजारी ठेवले की पोत्यातला उतारा पडल्यासारखा दिसतो.

म्हणून या स्लाइडसाठी छापील पुस्तकावर विसंबू नये. लॅबमध्ये जाऊन चीफ केमिस्टकडून आरटी ८ सी मधले दोन्ही आकडे घ्यावेत: प्रत्यक्ष साखरेचा उतारा आणि बी-हेवीकडे वळलेल्या साखरेचा भाग. मग स्लाइड अशी होते:

इथेनॉलकडे गेलेली साखर धरता उतारा ११ टक्के
- पोत्यातील साखर ९.५० टक्के, म्हणजे ५ लाख ८९ हजार क्विंटल. गेल्या हंगामात १०.२० टक्के (पा. २१)
- बी-हेवीतून इथेनॉलकडे १.५० टक्के, गेल्या हंगामात ०.७० (आरटी ८ सी)
- एकूण ११.००, गेल्या हंगामात १०.९०

क्विंटलचा आकडा मी मुद्दाम ठेवतो. ६ लाख २० हजार टनांचे साडेनऊ टक्के ५८ हजार ९०० टन होतात, क्विंटलमध्ये ५ लाख ८९ हजार. गोदामाच्या पत्रकातली पोती याच्याशी जुळली तर तिन्ही ठिकाणचे आकडे एकाच हंगामाचे आहेत हे नक्की होते. जुळली नाहीत तर कुणीतरी चाचणी गाळपाची किंवा गेल्या हंगामाच्या शिलकीची साखर मिसळली आहे.

पाचवी पायरी: ऊसदराचे गणित स्वतः मांडा

मंडपातली सगळी माणसे याच स्लाइडसाठी आलेली असतात. पुस्तकात मात्र ऊसदर विखुरलेला सापडतो: मनोगतात "समाधानकारक दर", नफा-तोट्यात ऊस खरेदीची एकत्र रक्कम, परिशिष्टात तोडणी-वाहतूक, आणि ताळेबंदात "ऊस बिले देणे" अशी एक ओळ. चारही पाने एकत्र मांडूनच स्लाइड करता येते.

२०२४-२५ च्या हंगामाला केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये होती आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे हा दर उसाच्या गेटवर पोच किमतीचा असतो, म्हणून तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. आपल्या उदाहरणात मागील हंगामाचा उतारा १०.९० धरू. तो १०.२५ पेक्षा ०.६५ ने जास्त, म्हणजे साडेसहा पायऱ्या. साडेसहा गुणिले ३.३२ बरोबर २१.५८. क्विंटलला ३६१.५८, टनाला ३,६१५ रुपये ८० पैसे. तोडणी-वाहतूक टनाला ९०० असेल तर शेतकऱ्याच्या हाती २,७१५ रुपये ८० पैसे.

दर कुठल्या हंगामाच्या उताऱ्यावर काढला आहे ते मात्र अकाउंट्सकडून लेखी घ्यावे आणि स्लाइडवर लिहावे. शेजारच्या दोन कारखान्यांच्या दरांशी सभासद नेहमी तुलना करतो आणि ही ओळ नसली की तुलना भलतीकडे जाते.

एफआरपी ३,६१५.८०, तोडणी-वाहतूक वजा जाता हाती २,७१५.८०
- मागील हंगामाच्या १०.९० उताऱ्यावर दर, तोडणी-वाहतूक ९०० (पा. २४, ७१)
- आजवर दिलेली उचल टनाला २,६०० (पा. २५)
- राहिलेले ११५.८० : ______

तिसऱ्या मुद्द्यातली मोकळी जागा मी तशीच ठेवतो. आदेशात ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याची तरतूद आहे आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. सभासदाला हे ठाऊक असते. पुस्तकात तारीख नसेल तर ती मी बनवू शकत नाही, आणि "लवकरच" असे लिहिले तर सभेत पहिला प्रश्न त्याच शब्दावर येतो. कोरी जागा घेऊन कार्यकारी संचालकांच्या टेबलावर जायचे आणि विचारायचे, "साहेब, इथे काय लिहू?" त्यांनी तारीख दिली तर तारीख. बँकेच्या मंजुरीवर अवलंबून असेल तर कुठल्या बँकेच्या कुठल्या मंजुरीवर, ते. दोन्ही नसेल तर "तारीख ठरलेली नाही" हेही एक उत्तर आहे, आणि ते अध्यक्षांनी बोलण्याआधी पडद्यावर दिसलेले बरे.

तारखा आणि एकके

बाकीच्या स्लाइड एवढ्या वेळखाऊ नसतात, पण दोन ठिकाणी त्या हमखास घसरतात.

पहिले, तारखा. साखरेचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर, हिशेबाचे एप्रिल ते मार्च, आणि मनोगत लिहिले जाते ऑगस्टमध्ये. ३१ मार्चला हंगाम संपत आलेला असतो, गोदाम साखरेने भरलेले असते आणि त्या साखरेवर काढलेले मालतारण कर्जही तेव्हा सगळ्यात जास्त असते. साखर विकत जाते तसे ते फिटते. म्हणून ताळेबंदातले एकूण कर्ज उचलून "कर्ज वाढले" असे शीर्षक देऊ नये. मालतारण वेगळे आणि यंत्रसामग्रीसाठी घेतलेले दीर्घ मुदतीचे कर्ज वेगळे दाखवावे. गोदामातली साखर ३१ मार्चची की सभेच्या आठवड्याची, हे त्याच मुद्द्यात तारखेसह लिहावे. तारीख नसलेला साठ्याचा आकडा मी स्लाइडवर घेतच नाही.

दुसरे, एकके. परिशिष्टे रुपये-पैशांत असतात, दहा वर्षांचा तक्ता लाखांत आणि अंदाजपत्रक कधी कधी हजारांत. पुस्तकातला १८,४७,३२,५१६.४० हा आकडा पडद्यावर १८.४७ कोटी असा गेला पाहिजे. सगळ्या स्लाइडवर रक्कम कोटीत, दशांशापुढे दोन अंक. दर मात्र टनाला रुपयांत. मिसळ करायची नाही. दशांशचिन्ह एक जागा सरकले की दहापट चूक होते आणि ती कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. म्हणून मी दर आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडतो. कारण सापडत नसताना आकडा दहापट झाला असेल तर चूक माझीच असते.

लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांना हात लावू नका

या स्लाइडवर दबाव येतो. शेरे "सौम्य" करायला सांगतात, किंवा तीन मुद्द्यांत मावत नाहीत म्हणून एका ओळीत गुंडाळायला. माझा नियम असा की वर्गवारी (अ, ब, क किंवा ड) शीर्षकात जाते आणि सर्वांत जास्त रकमेचे तीन शेरे मुद्द्यांत, लेखापरीक्षकाचे शब्द शक्य तितके तसेच ठेवून. बाकीच्यांची संख्या आणि पाने तिसऱ्या मुद्द्याच्या शेवटी. त्यापुढची स्लाइड दोषदुरुस्तीची. तिचे तीन मुद्दे याच तीन शेऱ्यांना त्याच क्रमाने उत्तर देतात. सभासद दोन स्लाइड शेजारी पाहतो आणि कशाला उत्तर मिळाले, कशाला नाही ते स्वतः ठरवतो.

टाइप करणे

पुस्तकाची पीडीएफ छापखान्याकडून मिळते, पण तिच्यातून मजकूर कॉपी केला की बहुधा इंग्रजी अक्षरांची गिचमिड येते. छापखान्यात अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम होते. पानांची चित्रे करून त्यांतून मजकूर काढता येतो:

```
pdftoppm -r 300 -png ahval.pdf pan
tesseract pan-017.png pan-017 -l mar
```

यातून गद्य मजकूर बऱ्यापैकी येतो. आकडे मात्र यातून घेऊ नयेत. १ आणि ९, ५ आणि ६, शून्य आणि दशांशचिन्ह यांची अदलाबदल होते आणि ती शुद्धलेखन तपासणीत सापडत नाही. आकडे छापील पानावरून हाताने टाइप करावेत, आणि दुसऱ्या माणसाने ते पुस्तकातून मोठ्याने वाचावेत. आमच्याकडे अकाउंट्समधले एक जण हे काम करतात. चौदा स्लाइडना अर्धा तास लागतो.

आराखडा वर्डमध्ये करायचा. शीर्षकाला Heading 1 शैली, प्रत्येक मुद्द्याला Heading 2. साध्या शैलीत ठेवलेली ओळ पुढे येत नाही, हे लक्षात ठेवावे. मुद्दा गहाळ झाला की कारण बहुधा हेच असते. मग पॉवरपॉइंटमध्ये Home, New Slide, Slides from Outline असे जाऊन ती फाइल निवडली की चौदा स्लाइड तयार होतात. फॉन्ट युनिकोडचा आणि मुद्दे किमान ३२ पॉइंटचे. मंडपात दुपारच्या उजेडात पडदा फिका पडतो, म्हणून पांढऱ्यावर काळे. फोटो घातला की तीन मुद्दे कमी जागेत बसवावे लागतात आणि अक्षर बारीक होते, तेव्हा फोटो नको.

शेवटचा ताळा

सगळ्या शीर्षकांची एक प्रत वेगळी छापून घेतो, मुद्द्यांशिवाय, एका कागदावर चौदा ओळी. ती कागदाची पट्टी घेऊन गटातल्या एखाद्या ऊस उत्पादकाकडे जातो. ज्याने पुस्तक उघडलेले नाही अशाच माणसाकडे. त्याने चौदा ओळी वाचाव्यात आणि यंदा काय झाले ते मला त्याच्या शब्दांत सांगावे.

गेल्या खेपेस एका गृहस्थांनी ओट्यावर बसून ती पट्टी दोनदा वाचली. गाळप, उतारा, तोटा, कर्ज, सगळे नीट सांगितले. मग बोट पाचव्या ओळीवर ठेवून म्हणाले, "भाऊ, हाती किती हे कळलं. पण कधी, ते नाही कळलं." तारीख तेव्हा माझ्या तिसऱ्या मुद्द्यात होती, शीर्षकात नव्हती. मी कारखान्यात परत जाऊन शीर्षक बदलले. तोडणी-वाहतूक खाली मुद्द्यात गेली आणि राहिलेल्या रकमेची तारीख वर आली.